बहात्तरचं तळं बुजू देऊ नका

चि. बयोस,



फोनवर तू घाईत असतेस आणि मला सगळं एका दमात सांगता येत नाही, म्हणून लिहिते. येत्या १ मेच्या ग्रामसभेत माळाखालच्या पाझर तलावाचा विषय आहे. तलाव बाद झाला, त्यात गाळाशिवाय काही उरलं नाही, तेव्हा बांधाचा मुरूम रस्त्याला घ्यावा आणि जागा सपाट करून तिथे मंगल कार्यालय बांधावं, असा ठराव येणार आहे. ठराव मांडणारी पोरं आपल्याच भावकीतली आहेत, मनाने वाईट नाहीत. त्यांनी तळं पाहिलंय, पण तळं काय काम करतं ते त्यांना कुणी सांगितलेलं नाही. ते सांगण्याचं काम आम्हा म्हाताऱ्यांचं होतं. म्हणून हे पत्र तुला लिहीत असले तरी ग्रामसभेत तू ते मोठ्याने वाचावंस, अशी माझी इच्छा आहे.

तो बांध आम्ही बांधला. आम्ही म्हणजे या गावच्या बायका आणि उरलेसुरले पुरुष. १९७२ चा पाऊस आलाच नाही. त्याच्या आधीची दोन वर्षंही ओढगस्तीचीच गेली होती, त्यामुळे कणगीत काही शिल्लक नव्हतं. पुरंदरचा हा पूर्वेकडचा पट्टा तसाही पावसाच्या सावलीतला. ढग पश्चिमेच्या डोंगरावर मोकळे होतात आणि आपल्याकडे नुसता वारा येतो. त्या वर्षी रेशनवर मिलो नावाची लाल ज्वारी मिळायची. तिची भाकरी थापताना चिरायची आणि खाल्ली की पोटात दगडासारखी बसायची. जनावरं छावणीला गेली, काही बाजारात मातीमोल गेली. मग सरकारने दुष्काळी कामं काढली. रस्ते, खडी फोडणं, नालाबांध आणि पाझर तलाव. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रभर अशा कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. त्यांतली एक मी. नुकतं लग्न होऊन आले होते, आणि सासरच्या घराआधी मला सासरचा बांध ठाऊक झाला.

कामावर पहिली गोष्ट शिकले ती माप. माती जिथून खणायची तिथे चौकडी आखून द्यायचे. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि एक फूट खोल खणलं की शंभर घनफूट होतात, म्हणजे एक ब्रास. मजुरी हजेरीवर नव्हे, तर खणलेल्या मातीच्या मापावर. पण खड्डा खणून झाल्यावर मूळ जमीन किती उंच होती हे मोजणार कसं? त्यासाठी चौकडीच्या मधोमध मातीचा एक खांब न खणता तसाच ठेवायचा. खांबाचा माथा म्हणजे जुनी जमीन. त्याच्यावर वाळलेलं गवत मुळासकट उभं असलं पाहिजे, म्हणजे त्याला कुणी हात लावला नाही हे कळतं.

आता पोटात भूक असली की माणसाला युक्त्या सुचतात. काही टोळ्या रात्री खांबाचा गवताचा गड्डा अलगद कापायच्या, खाली वीतभर माती थापायच्या आणि गड्डा परत वर बसवायच्या. वीतभर उंची वाढली की शंभर घनफुटांची चौकडी पाऊणशे घनफूट जास्त दाखवायची. तुझ्या पणजीला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, हे कुणीतरी सुचवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ही माती बांधावर पडली नाही, तर ती कागदावर पडली. पाणी कागदावर अडत नाही." त्यांना अक्षर येत नव्हतं. पण बांधाची उंची मातीने ठरते आणि बांध आपल्याच विहिरींच्या वर आहे, हे त्यांना पक्कं कळलं होतं. प्रामाणिकपणा चांगला असतो असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. खोट्या मापाचा तोटा कुणाच्या विहिरीत उतरणार, एवढंच त्यांनी पाहिलं.

दुसरी गोष्ट टोळीची. मापावर मजुरी असली की धडधाकट माणसं एकत्र येतात आणि अशक्तांना कुणी टोळीत घेत नाही. म्हातारी, बाळंतीण, दिवस गेलेली, टोपली हळू उचलणारी अशा बायका कामावर येऊनही उपाशी राहायच्या. आमच्या टोळीने असं ठरवलं की खणणारे खणतील, वाहणारे वाहतील, ज्यांना काहीच झेपत नाही त्या पोरं सांभाळतील आणि पाणी देतील, आणि मजुरी मात्र सगळ्यांना सारखी. सुकडीची गोडसर कोरडी भरड मिळायची, तीही सारखी वाटून. दिवसाकाठी हातात दोन-तीन रुपये यायचे, त्यांतले काही आणे असे दुसऱ्याला जायचे. कुरकूर झाली. पण पुढे मला सहावा महिना लागला आणि मीच पोरं सांभाळणाऱ्यांत गेले, तेव्हा तीच मजुरी माझ्याही हातावर पडली. तुझा बाप पोटात असताना ज्या भाकरीवर वाढला ती अशी वाटून आलेली होती. हे तू कधी ऐकलं नसशील, म्हणून मुद्दाम लिहिते.

तिसरी गोष्ट मातीची. बांध म्हणजे मातीचा नुसता ढीग नसतो. मधोमध खाली कठीण थर लागेपर्यंत चर खणून त्यात चिकण काळी माती भरतात, म्हणजे बांधाखालून पाणी निसटत नाही. तीच काळी माती वर गाभ्यात घेतात, तिच्या दोन्ही अंगांना मुरूम आणि पाण्याच्या बाजूला दगडाचं पिचिंग. माती वीतवीतभर थराने टाकायची, प्रत्येक थर पाण्याने भिजवायचा आणि धुमसाने ठोकायचा. माणसाला प्यायला पाणी नव्हतं आणि आम्ही मातीला पाजत होतो. पाण्याचं पिंप बैलगाडीने यायचं, बायका जीभ कोरडी करून त्याच्याकडे बघायच्या. कित्येक ठिकाणी त्या घाईत भिजवणं आणि ठोकणं टाळलं गेलं, आणि ते बांध पहिल्या मोठ्या पावसातच खचले. आपला बांध उभा आहे, कारण ते पिंप गाभ्यावर रिकामं झालं.

या कामांमागे कोण होतं तेही पोरांना सांग. सांगली जिल्ह्यातल्या विसापूरचे वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम ही योजना त्यांची. आधी ती त्यांच्या भागात करून पाहिली, बहात्तरच्या दुष्काळाने ती राज्यभर नेली, १९७७ साली विधिमंडळाने तिचा कायदा केला. देशाने तसा कायदा केला तो २००५ साली. म्हणजे तो बांध काही कुणी दयेने दिलेला नाही. काम मागून, मोजून घेऊन केलेला तो ऐवज आहे.

आता ठरावाकडे वळते. पोरं म्हणतात तळं बाद झालं. ते अर्धं खरं आहे, पण त्यांनी त्याची खूण उलटी वाचलीय. ती म्हणतात, "पूर्वी संक्रांतीलाच तळं कोरडं पडायचं, ते काय कामाचं? आता निदान महाशिवरात्रीपर्यंत त्यात पाणी दिसतं, पण तेही थोडकं." अगं, पाझर तलाव पाणी साठवायला नसतोच. पाणी जमिनीत मुरवायला असतो. तळं संक्रांतीला कोरडं पडायचं तेव्हा आपली विहीर गुढीपाडव्यानंतरही मोट ओढण्याजोगी असायची. आता तळ्यात महाशिवरात्रीला पाणी दिसतं आणि त्याच महिन्यात विहिरीचा तळ दिसतो. पाणी वर दिसायला लागलं, कारण खाली जाण्याची वाट बंद झाली. माळावरची बारीक माती दर पावसाने वाहून येते आणि दुधावरच्या सायीसारखी तळावर बसते. ती वाळते, घट्ट होते, पुढच्या वर्षी तिच्यावर दुसरी बसते. जागा तर कमी होतेच, पण त्याहून मोठं नुकसान म्हणजे तळ बंद होतो.

हे कुणाला पटत नसेल तर वादावादी करू नका, मोजा. पाऊस थांबल्यावर तळ्यात खुणा केलेला एक खांब रोवायचा आणि दर आठवड्याला पाणी किती उतरलं ते वहीत लिहायचं. थंडीच्या दिवसांत उन्हावाऱ्याने रोज साधारण अर्धा सेंटिमीटर पाणी उडून जातं, म्हणजे महिन्याला वीतभरही नाही. तळ्याची पातळी महिन्यात तेवढीच उतरली, तर ते पाणी आभाळात गेलं, जमिनीत गेलं नाही. पातळी त्याच्या दुप्पट-तिप्पट उतरत असेल तर तळ अजून पीत आहे. मात्र कुणी इंजिन लावून पाणी उपसत असेल तर हा हिशेब चुकतो, तेव्हा आधी उपसा बंद करून मगच मोजायचं. त्याच वेळी खालच्या अंगाच्या दोन-तीन विहिरींत दोरी सोडून पाण्याची पातळी मोजायची. तळं उतरतं तेव्हा विहिरी टिकून राहतात का, हे दोन वह्या शेजारी ठेवल्या की कुणालाही दिसतं.

गाळ काढला तर किती फरक पडेल, याचाही हिशेब मांडते. तुमच्यासारखं मशीन मला लावता येत नाही, पण ब्रास मला येतो. तळ्याचा तळ चार एकरांचा धर आणि गाळ सरासरी तीन फूट. एकराचे त्रेचाळीस हजार पाचशे साठ चौरस फूट. सगळं गुणलं की सव्वापाच हजार ब्रासच्या आसपास गाळ होतो. एका ब्रासच्या जागेत दोन हजार आठशे लिटर पाणी मावतं. म्हणजे साडेतीन ब्रास गाळ निघाला की दहा हजार लिटरच्या एका टँकरची जागा झाली. सगळा गाळ निघाला तर दीड हजार टँकरच्या आसपास जागा मोकळी होईल, आणि ती एका चांगल्या पावसाळ्यात एकदाच भरेल असंही नाही. यातलं सगळं आपल्या विहिरींना येणार नाही. काही उडून जाईल, काही खालून दुसऱ्या शिवारात जाईल. निम्मं सोडून दे. तरी उन्हाळ्यात आपल्या वस्तीवर टँकर येतो तेव्हा हंड्यांच्या रांगेत तू उभी राहिली आहेस, उरलेल्या निम्म्याची किंमत तुला सांगायला नको.

गाळ काढायचा म्हणजे पोकलेन आणायचं आणि खणत सुटायचं असं नव्हे. तिथेच तळी मरतात. बांधाच्या पायथ्याला लागून खणलं तर बांध पुढे सरकतो आणि त्याच्याखालून पाणी वाट काढतं, म्हणून पायथ्यापासून किती अंतर सोडायचं ते जलसंधारण विभागाच्या अभियंत्याकडून जाग्यावर आखून घ्यायचं. गाळ संपून मुरूम लागला की थांबायचं. एखाद्याला गाळाच्या नावाखाली मुरूमच हवा असतो, तो खोल खड्डे करून जातो, म्हणून खेपा मोजायला आणि मुरूम लागला का ते बघायला गावची दोन माणसं रोज तिथे बसली पाहिजेत. त्यांतली एक बाई असावी, आम्ही माप विसरलेलो नाही.

दहा ट्रॅक्टर लागले आणि प्रत्येकाने दिवसाला पंधरा खेपा केल्या तर दीडशे ट्रॉल्या होतात. ट्रॉलीत ब्रासभर माती बसते, पण खणलेली माती फुगते, त्यामुळे सव्वापाच हजार ब्रासला खेपा जास्तच लागतील. सगळं धरून चाळीस-पंचेचाळीस दिवसांचं काम आहे. पाणी आटल्यावर एप्रिलच्या मध्याला सुरू करून मृगाच्या आत संपवायचं तर एका उन्हाळ्यात ते पुरं होणं अवघड. दोन उन्हाळे धरा. पहिल्या वर्षी बांधापासून लांबचा, वरच्या अंगाचा गाळ घ्या, कारण तळ उघडला की पाणी मुरायला तिथूनच सुरुवात होईल. या कामाला पैसा कुठून, असं विचारतील. २०१७ पासून राज्य सरकारची गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आहे. तिच्यासाठी गावाचा ठराव लागतो. म्हणजे ज्या सभेत तळं मोडायचा ठराव येतोय, त्याच सभेत तळं वाचवायचा ठराव घेता येईल.

गाळाबरोबर बांधही बघायला हवा. तू येशील तेव्हा माझ्याबरोबर बांधावरून चाल. वेड्या बाभळी उगवल्या आहेत, त्यांची मुळं गाभ्यापर्यंत जातात, आणि झाड मेलं की मूळ कुजून तिथे नळी तयार होते. घुशींनी बिळं केली आहेत. ती बिळं चिकण मातीने ठोकून भरायची, नुसता दगड घालून नाही. बांधाच्या मागच्या पायथ्याला ओल आहे. ओलीतून येणारं पाणी स्वच्छ असेल तर नुसती नजर ठेवायची. गढूळ येत असेल तर बांधाच्या पोटातली माती वाहून चालली आहे, त्या दिवशी अभियंत्याला बोलावायचं.

आणि सांडवा. तो मला सगळ्यांत जास्त घाबरवतो. जास्त पाणी साठावं म्हणून कुणीतरी सांडव्याच्या तोंडावर वाळूच्या गोण्या आणि दगड रचले आहेत. हेतू चांगला असेल, पण मातीचा बांध सगळं सोसतो, वरून पाणी गेलेलं सोसत नाही. पाणी माथ्यावरून वाहिलं की तासा-दोन तासांत बांध कापला जातो, आणि खाली आपली वस्ती आहे. तुझ्याकडे ऑटो लेव्हल आहे, साइटवर तू रोज ती लावतेस. एक दिवस आपल्या बांधावर लाव. सांडव्यापेक्षा बांधाचा माथा कुठे किती उंच आहे, कुठे दबला आहे ते कागदावर काढून दे. ठरावाला माझ्या आठवणींपेक्षा त्या कागदाचा आधार जास्त होईल.

वरच्या माळाचंही ठराव करतानाच ठरवा. माळ उघडा राहिला तर काढलेला गाळ काही पावसाळ्यांत परत येईल. उतारावर समतल चर, ओघळींत अनगड दगडांचे छोटे बांध आणि निदान काही वर्षं चराईला बंदी, एवढं केलं तर माती माळावरच राहील. चराईबंदीला धनगरवाड्याचा विरोध होईल आणि तो रास्त असेल. त्यांच्याशी बसून माळाचा एकेक भाग आळीपाळीने बंद ठेवायचा. सगळा माळ एकदम बंद करून त्यांच्या शेळ्या उपाशी मारणं, हे आमच्या टोळीच्या हिशेबात बसणारं नाही.

आता वाटणीकडे येते, कारण तळं वाचलं तर भांडण तिथेच होणार. गाळ सुपीक असतो, सगळ्यांना हवा असतो. एकरभर रानावर तीन इंचांचा थर द्यायला शंभरावर ब्रास लागतात, म्हणजे सगळा गाळ सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस एकरांना पुरेल. ट्रॅक्टरवाल्यांनी आपापल्या रानात ओढून नेला तर तो चार घरांतच जिरेल. आधी मुरमाड रानं आणि लहान खातेदार, त्यातही एकट्या बायका, आणि काळ्या भारी रानांना शेवटी, असा क्रम ठरावातच लिहून घ्या. भारी रानाला तसा त्याचा उपयोगही कमी.

आणि पाणी. तळ्यात इंजिन टाकून प्लॅस्टिकच्या कागदाची शेततळी भरायची, ही पद्धत गावोगाव आली आहे. शेततळं वाईट नाही, पण पाझर तलावातून भरलेलं शेततळं म्हणजे सगळ्यांच्या विहिरींचं पाणी एकाच्या कागदावर नेऊन उन्हात वाळवणं. तळ्यातून थेट उपसा कुणीही करायचा नाही, हा पहिला नियम ठेवा. विहिरीतून घ्यायचं, आणि उसाला नाही.

हे स्वप्नाळू बोलणं नाही. आपल्याच तालुक्यात नायगावला ते करून दाखवलेलं आहे. विलासराव साळुंखे पुण्याचे कारखानदार, शिकलेले इंजिनिअर. बहात्तरच्या दुष्काळात ते या भागात आले. लोक दुष्काळी कामांवर राबतात आणि तरी पुढच्या वर्षी पुन्हा तेच होतं, हे त्यांनी पाहिलं. त्यांनी नायगावच्या देवस्थानची चाळीस एकर पडीक जमीन कराराने घेतली, उतारावर बांध घातले, खाली पाणी अडवलं, विहीर खणली आणि कमी पावसात पिकं काढून दाखवली. मग पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम लक्षात ठेव. पाणी जमिनीवर नाही, माणसांवर वाटायचं. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. ऊस नाही. लाभ घेणाऱ्याने खर्चाचा काही वाटा स्वतः उचलायचा. आमच्या टोळीची वाटणी आणि ही वाटणी एकाच दुष्काळाने शिकवली, म्हणून मला ते नियम ऐकताक्षणी समजले. पाणी पंचायत सगळीकडे टिकली नाही हेही खरं. जिथे मोठं पाणी कालव्याने आलं किंवा बागायतदारांची ओढ वाढली, तिथे नियम सैल पडले. म्हणूनच नियम ठरावात, वहीत आणि दरवर्षीच्या हिशेबात पाहिजेत. चांगल्या माणसाच्या भरवशावर ते राहत नाहीत.

तुझ्याकडून मला हवं ते एवढंच. ग्रामसभेच्या आदल्या शनिवारी ये. बांध आणि गाळ मोजून कागद कर. ग्रामसभेआधी महिलांची सभा होते, तिथे मी बोलेन आणि बायकांचा ठराव आधी घेईन. दुसऱ्या दिवशी तू हे पत्र वाच आणि कागद मांड. मंगल कार्यालयाला विरोध करू नकोस, गायरानाजवळची पडीक जागा सुचव. लोकांना नुसतं "नको" म्हटलेलं आवडत नाही. दोन्ही होतं हे दाखव. सभेला कोरम भरला पाहिजे, नाहीतर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेत चार माणसं काहीही मंजूर करतात. म्हणून भावकीतल्या पुण्या-मुंबईच्या मतदारांना आत्ताच फोन कर.

आणि हे पत्र दुसऱ्या गावात, दुसऱ्या घरात कुणाच्या हाती पडलं तर त्यांनाही सांगते. महाराष्ट्रात क्वचित एखादं दुष्काळी गाव असेल जिथे बहात्तरचा एखादा बांध, तलाव किंवा रस्ता नाही. आपल्या आजीला विचारा, तुम्ही कुठल्या कामावर होता. तिला घेऊन तिथे जा. गाळ किती, सांडवा मोकळा आहे का, बांधावर झाडं किती, मागे ओल आहे का, एवढं लिहून आणा आणि येत्या ग्रामसभेत तळं वाचवण्याचा ठराव मांडा. त्या मातीची मजुरी आम्ही मोजून घेतली, तिची राखण तुमच्या वाट्याला आली आहे. मृग लागायच्या आत कामाला लागा.

तुझी,
आजी